धीर वेगळा, ऐपत वेगळी: घरात एकच जण कमावत असेल तर हे आधी वाचा

पहिल्या भेटीआधी आम्ही प्रत्येक ग्राहकाला दोन कागद पाठवतो. पहिल्यावर बारा प्रश्न असतात. बाजार पडला तर काय कराल, कमी परतावा पण शांत झोप चालेल का, अशा धर्तीचे. दुसऱ्यावर घरखर्चाचे कोष्टक असते. पहिला कागद बहुतेक जण त्याच रात्री भरून पाठवतात. दुसरा कोरा येतो, नाहीतर त्यावर एकच आकडा आणि शेजारी ‘अंदाजे’. मग भेटीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘माझे गुण बारापैकी दहा आले, तरी समभागांत निम्म्यापेक्षा कमी का टाकायला सांगता?’

या एका प्रश्नात बैठकीचा अर्धा वेळ जातो आणि कोष्टक नसल्यामुळे दुसरी बैठक घ्यावी लागते. म्हणून हे पत्रक.

पहिला कागद तुमची जोखीम-सहनशीलता मोजतो, म्हणजे साध्या भाषेत तुमचा धीर. गुंतवणुकीचे मूल्य घसरताना पाहून तुम्ही किती स्थिर राहता, हे त्यातून कळते. दुसरा कागद जोखीम-क्षमता मोजतो, म्हणजे तुमची ऐपत. मूल्य घसरले आणि बराच काळ वर आले नाही, तरी घर पूर्वीसारखे चालेल का, हे त्यातून कळते. धीर माणसाच्या स्वभावात असतो. ऐपत मात्र पगार, हप्ते, शिल्लक, अवलंबून असलेली माणसे आणि पैसे कधी लागणार याची तारीख, एवढ्यावरून ठरते. ती कागदावर मांडता येते आणि तिथे स्वभाव कितीही कणखर असला तरी बेरीज बदलत नाही.

कमावणारे दोघे असतील तर या दोन्हींत फार अंतर पडत नाही, पडले तरी निभावून जाते. एकच असेल तिथे मात्र हे अंतर घर हलवू शकते. एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे सोपे राहावेत म्हणून महिन्याचा पगार १०० धरू, मग चलन कोणतेही असो.

घरात चार माणसे आहेत. नोकरी करतात त्या बाई. पती पूर्वी नोकरीत होते, आता दोन मुलांचे आणि घराचे सगळे ते पाहतात. पगाराच्या १०० मधले ३० घराच्या कर्जाच्या हप्त्याला जातात. किराणा, शाळा, वीज, औषधे, विम्याचे हप्ते असा न टळणारा खर्च ४०. फिरणे, कपडे, बाहेरचे खाणे असा वेळप्रसंगी थांबवता येणारा खर्च १५. उरलेले १५ शिलकीत. आजवरची एकूण शिल्लक २४००, म्हणजे दोन वर्षांच्या पगाराइतकी. थोरल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी तीन वर्षांनी ५४० लागणार आहेत.

बाईंचा धीर खरोखर मोठा आहे आणि तो नुसता कागदावरचा नाही. मागच्या पडझडीत त्यांनी काहीही विकले नव्हते. त्यांना बँकेत २८० ठेवून उरलेले २१२० समभाग फंडांत हवे होते. ‘बाजार पडला तर मी घाबरणार नाही, उलट आणखी घेईन,’ असे त्या म्हणाल्या. शेजारी बसलेल्या पतींनी विचारले, ‘पण त्याच वेळी तुझा पगार थांबला, तर घेणार कशातून?’

आमचा दुसरा कागद नेमका हाच प्रश्न विचारतो. बाजार पडणे आणि नोकरी जाणे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नसतात. मंदीत कंपन्यांचा नफा आटतो, त्यामुळे समभाग घसरतात आणि त्याच कारणाने कंपन्या माणसे कमी करतात. अमेरिकेतला एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००९ पर्यंत सुमारे ५७ टक्के घसरला. तिथला बेरोजगारीचा दर त्या घसरणीच्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्या आसपास होता, तो ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेला. निर्देशांक आपल्या जुन्या उंचीवर पोहोचला तो २०१३ मध्ये. एवढी वाट पाहण्याचा धीर पुष्कळांकडे असतो, पण हप्ता वाट पाहत नाही.

आता बाईंच्या मांडणीवर एवढाही मोठा धक्का न देता बघू. बाजार ४० टक्के पडला आणि नोकरी नऊ महिने नाही. थांबवता येणारा खर्च पहिल्याच दिवशी बंद केला, तरी महिन्याला ७० लागतातच. बँकेतले २८० चार महिन्यांत संपले. उरलेल्या पाच महिन्यांसाठी ३५० हवेत, ते फंडांतून काढण्यावाचून गत्यंतर नाही. फंडांचे २१२० आता १२७२ झाले आहेत. त्यातून ३५० काढले की ९२२ उरतात. पुढे बाजार जुन्या पातळीवर परत आला तर या ९२२ चे सुमारे १५३७ होतात. म्हणजे २१२० मधले ५८३ गेले, घरखर्चाला मात्र लागले फक्त ३५०. मधले २३३ कायमचे गेले. त्यांच्या दरमहा १५ च्या शिलकीने ते भरून काढायला पंधरा महिन्यांहून जास्त लागतील.

बाई घाबरल्या नव्हत्या. त्यांनी भीतीपोटी एकही युनिट विकले नाही. तरीही विकावे लागले. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटते की पडझडीत न विकणे हा निर्धाराचा प्रश्न आहे. पगार चालू असेपर्यंत तो तसा असतोही.

तेच घर घ्या, तोच खर्च, तीच शिल्लक, तेवढाच धीर, फक्त १०० चा पगार दोघांमध्ये ५०-५० असा विभागा. एकाची नोकरी नऊ महिने गेली तर दुसऱ्याचे ५० येत राहतात. महिन्याला २० कमी पडतात, नऊ महिन्यांचे १८०. बँकेतले २८० त्याला पुरून उरतात आणि फंडांना हात लावावा लागत नाही. मिळकतीचा आकडा तोच, ऐपत मात्र कितीतरी जास्त. म्हणून ‘आमच्या शेजाऱ्यांचा पगार आमच्याएवढाच आहे, त्यांचे ८० टक्के समभागांत आहेत’ या तुलनेवर आम्ही पुढे जात नाही. त्यांच्या घरात कमावते किती, हे आधी विचारतो.

बाईंसाठी आम्ही सुचवलेली मांडणी अशी. हप्त्यासकट न टळणाऱ्या खर्चाचे बारा महिने, म्हणजे ८४०, बँकेत आणि हवे तेव्हा काढता येतील अशा अल्प मुदतीच्या ठेवींत. मुलीच्या शिक्षणाचे ५४० तीन वर्षांत परिपक्व होणाऱ्या ठेवीत किंवा चांगल्या दर्जाच्या रोख्यांत. राहिलेले १०२० समभागांत, म्हणजे एकूण शिलकीच्या साडेबेचाळीस टक्के. तोच धक्का या मांडणीला दिला तर नऊ महिन्यांचे ६३० बँकेतूनच जातात, २१० उरतात, शिक्षणाचे पैसे जागच्या जागी राहतात आणि १०२० मधले एकही युनिट पडत्या भावात विकावे लागत नाही.

बारा महिने जास्त होतात, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. दोघे कमावते असतील तर आम्ही सहा महिनेच सांगतो. एकच असेल तर सहा महिने नवी नोकरी मिळेपर्यंत पुरतीलच याची खात्री नसते, आणि नोकरी मिळाली तरी पहिला पगार हातात येईपर्यंत आणखी वेळ जातो. घरी असलेल्या जोडीदाराला पूर्वीचा अनुभव असेल आणि दोन-तीन महिन्यांत काम मिळण्यासारखे असेल, तर आम्ही बाराचे दहा करतो. त्यासाठी पतींना कोणते काम मिळेल आणि मुलांना तेव्हा कोण पाहील, एवढे कोष्टकात लिहून द्या.

या सावधपणाची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पुढची दहा वर्षे बाजार चांगला चालला आणि नोकरीला धक्का लागला नाही, तर बाईंच्या मूळ मांडणीत जास्त पैसे झाले असते. म्हणून त्यांच्या धीराचा उपयोग आम्ही दुसरीकडे केला: ८४० पूर्ण असल्याने दरमहाचे १५ पूर्णपणे समभागांत जातात. तिथे पुढची पंधरा-वीस वर्षे हात लागायचा नाही, आणि चढउतारात स्थिर राहणाऱ्या माणसालाच ते जमते.

उलटी परिस्थितीही असते. ऐपत भरपूर, पण दहा टक्के घसरण दिसली की झोप उडते. तिथे आम्ही धीराप्रमाणे चालतो, कारण असा माणूस नेमक्या तळाला सगळे विकून मोकळा होतो. दोन्हींत जे कमी असेल त्यावर आकडा ठरतो.

विम्याबद्दल थोडक्यात. कमावती व्यक्ती गेली किंवा अपंगत्व आले तर कोणतीही शिल्लक पुरत नाही, म्हणून मुदत विमा आणि अपंगत्वाचे संरक्षण नसेल तर आम्ही समभागांचा विषय पुढे ढकलतो. नोकरीतून मिळालेला विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, तो कोष्टकात वेगळा दाखवा.

आता भेटीला येताना काय करायचे ते. कोष्टक भरताना मागच्या सहा महिन्यांचे खाते-उतारे समोर ठेवा, आठवणीवर जाऊ नका. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे विमा, शाळेची फी, कर, यांना बाराने भागून महिन्यात धरा. बहुतेकांचा न टळणारा खर्च इथेच कमी दिसतो. प्रश्नांचा पहिला कागद दोघांनी वेगवेगळा भरा, एकमेकांना न दाखवता. आणि भेटीला दोघेही या, कमावणाऱ्याने एकट्याने येऊ नये. कोष्टक जमत नसेल तर उतारे घेऊन या. आमच्याकडे बसून साधारण दीड तासात होते, त्याचे वेगळे शुल्क घेत नाही.

कोष्टक दरवर्षी एकदा आणि घरात मोठा बदल झाला की लगेच पुन्हा भरावे. बाजार वर गेला म्हणून भरू नये. धीराचे गुण तेजीत आपोआप वाढतात, ऐपत वाढायला काहीतरी प्रत्यक्ष घडावे लागते. बाईंच्या घराचे कर्ज फिटले, तर न टळणारा खर्च ७० वरून ४० वर येईल आणि बारा महिन्यांना ८४० ऐवजी ४८० पुरतील. बाकीचे आकडे आजचेच धरले, तर मोकळे झालेले ३६० त्याच दिवशी समभागांत नेता येतील आणि तिथला वाटा साडेबेचाळीसवरून साडेसत्तावन्न टक्के होईल. कर्ज फिटल्याचे पत्र मिळाले की भेटीची वेळ घ्या आणि ते सोबत आणा.