१०७ रुपयांच्या बिलातले दोन पैसे

बिलिंगच्या कोडमध्ये पैशाची बेरीज चुकते म्हणून कॉम्प्युटरला बोल लावतात. खरं तर ज्या वर्षांत भारताने रुपयाचे शंभर भाग केले, त्याच सुमारास मोजणारी यंत्रं बरोबर उलट्या वाटेने निघाली होती. भांडण तिथलं आहे.

१ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. अर्धं करा, त्याचं अर्धं, पुन्हा अर्धं, आणखी एकदा अर्धं, की आणा हातात येतो. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकणाऱ्या पिढीचे अपूर्णांकही याच जातीचे. दोनच अंकांवर चालणाऱ्या यंत्राला हा हिशोब अगदी सोयीचा पडला असता, कारण आणा म्हणजे ०.०६२५ रुपया, आणि तो बायनरीत तंतोतंत बसतो. (पै मात्र नाही. रुपयाच्या १९२ पै होत्या, त्यात तिनाने भागणं आलं.) त्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ते ९९ पैशांपैकी बायनरीत नेमके मावणारे आकडे तीनच: २५, ५० आणि ७५. आजी ज्यांना चार आणे, आठ आणे, बारा आणे म्हणते तेच. उरलेले ९६ आकडे कितीही घरं दिली तरी ‘जवळजवळ’ एवढेच राहतात, जसं दशांशात एक तृतीयांश ०.३३३… असं लांबतच जातं.

गंमत अशी की सुरुवातीच्या व्यापारी यंत्रांना ही अडचण नव्हतीच. १९५९ साली आलेलं आयबीएमचं १४०१ हे यंत्र दशांशातच मोजायचं. त्याच वर्षी काम सुरू झालेल्या कोबॉलमध्ये रक्कम `PIC S9(7)V99` अशी मांडतात: सात अंक, मग `V` म्हणजे मनात धरलेला दशांशचिन्हाचा ठिपका, मग पैशाचे दोन अंक. वायटूकेच्या कामासाठी पुण्यात जी पिढी कोबॉल शिकली, तिने हे हजारदा टाइप केलं असेल. तिला रुपयात ०.००००००००००००००४ जास्त दिसण्याचा प्रश्नच आला नाही.

फ्लोट, म्हणजे ठरावीक घरांत जवळजवळ बसवलेला बायनरी आकडा, आला तो विज्ञानाच्या दारातून. १९५४ च्या आयबीएम ७०४ मध्ये त्याची सोय हार्डवेअरमध्येच होती. पुढे प्रत्येक कंपनीचा फ्लोट वेगळा झाला आणि त्यातून बराच गोंधळ माजला. तो विल्यम कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने मिटवला. पुण्यातच सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला, तो अशाच वैज्ञानिक गणितांसाठी. हवामानाचं गणित करताना सोळाव्या अंकाला कोणी विचारत नाही, कारण मुळातलं तापमानच दोन-तीन अंकांपुरतं खरं असतं. त्या कामाला फ्लोट उत्तम आहे. पण १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली आणि तिच्यात आकडा म्हटला की तो आठ बाइटांचा फ्लोट, म्हणजे डबलच, दुसरा प्रकारच तेव्हा नव्हता. दुकानाचं बिल ब्राउझरमध्ये गेलं तेव्हा हवामानाचा फ्लोट आपसूक गल्ल्यावर येऊन बसला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बेरजेतला फरक साचत जाऊन मोठा होतो, असं सगळे सांगतात. ०.१ दहा वेळा मिळवलं की `0.9999999999999999` दिसतं हे खरं. पण समजा लाखभर बिलं मिळवली आणि एकूण कोटीच्या आसपास गेली, तर डबलमध्ये एका बेरजेत जास्तीत जास्त रुपयाचा एक अब्जांश भाग चुकतो. सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तरी एकूण फरक पैशाच्या शंभराव्या भागाएवढा. शेवटी दोन घरांवर आणलं की तो गायब होतो.

चार बाइटांच्या फ्लोटची गोष्ट निराळी. मायएसक्यूएलमध्ये `FLOAT` लिहिलं की हाच मिळतो. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे त्याची पायरी रुपयाच्या चौसष्टाव्या भागाची होते, म्हणजे नेमका एक जुना पैसा! नवे पैसे तिथे ओळखूच येत नाहीत. कुठल्याही स्कीमात रकमेचा कॉलम `FLOAT` दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो बदलावा.

डबल मात्र दोन ठिकाणी दगा देतो. एक, दोन रकमा समान आहेत का हे `==` ने पाहिलं की. उधारीच्या यादीत पूर्ण पैसे भरलेलं गिऱ्हाईक `-0.00` बाकीसह दिसतं ते यामुळेच, आणि आजार ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. दुसरं ठिकाण म्हणजे नेमका अर्धा पैसा. तिथे केसाएवढा फरकही एक अख्खा पैसा इकडचा तिकडे करतो.

अर्धा पैसा एरवी क्वचितच भेटला असता. जीएसटीने तो रोजचा करून टाकला. १ जुलै २०१७ पासून राज्यातल्या राज्यातल्या विक्रीवर कर निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. हॉटेलच्या बिलावर ५ टक्के म्हणजे अडीच टक्के सीजीएसटी, अडीच टक्के एसजीएसटी. सदाशिव पेठेतल्या एखाद्या हॉटेलात मिसळ ९० रुपये आणि ताक १७ रुपये असं १०७ चं बिल घ्या. अडीच टक्के म्हणजे २.६७५. आता हेच पायथनला दोन प्रकारे विचारू:

```python
>>> round(107 * 0.025, 2)
2.68
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
```

दोन्ही ओळी शाळेतल्या गणिताने एकच आहेत. पण ०.०२५ हा आकडा यंत्रात किंचित मोठा साठवला जातो. त्याला १०७ ने गुणल्यावर जवळचा डबल `2.6750000000000003` हा पडतो, आणि तो वर जातो. दुसऱ्या ओळीत २६७.५ अगदी नेमका असतो. त्याला शंभराने भागल्यावर जवळचा डबल २.६७४९९९९९९९९९९९९८२… हा येतो, आणि तो खाली जातो. काउंटरच्या स्क्रीनवर जावास्क्रिप्टमध्ये दुसरी रीत आणि `toFixed(2)` वापरली असेल, आणि सर्व्हरवर पहिली, तर गिऱ्हाइकाच्या हातातल्या कागदावर एकूण कर ५.३४ आणि वहीत ५.३६. बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ची ओळ असल्याने हे दोन पैसे तिथे बिनबोभाट जिरतात. महिनाअखेरीला सीएने विक्रीची वही आणि रिटर्न शेजारी ठेवले की काही रुपयांचा फरक निघतो आणि तो कुठल्याच एका बिलावर सापडत नाही.

उपाय जुनाच आहे: दशांशात मोजा. १९९७ च्या जावा १.१ मध्ये `BigDecimal` होता, पायथनमध्ये `decimal` २००४ मध्ये आलं. डेटाबेसचा इतिहास जास्त खट्याळ आहे. मायएसक्यूएलमध्ये `DECIMAL` प्रकार होता, पण २००५ च्या ५.०.३ आवृत्तीपर्यंत त्यावरचं गणित आतून डबलमध्येच चालायचं. २००८ साली तर आयईईई ७५४ मध्येच दशांश फ्लोट दाखल झाला. त्यामागे आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांचा आग्रह मोठा होता.

बदल करताना पहिली ठेच दाराशीच लागते. `Decimal(0.1)` लिहिलं तर आत `0.1000000000000000055511151231257827…` हे शेपूट जातं, कारण कंसातला ०.१ आधीच फ्लोट झालेला असतो. रक्कम अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून, द्यायची. ब्राउझरमधून येणाऱ्या जेसॉनलाही हाच नियम: रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवा किंवा पूर्णांक पैशांत पाठवा. मधल्या एका जागीही फ्लोट राहिला तर पुढच्या डेसिमलला काही अर्थ उरत नाही.

दुसरी ठेच बारीक आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. १०५ रुपयांवर अडीच टक्के म्हणजे २.६२५. हा आकडा बायनरीतही नेमका बसतो, तेव्हा फ्लोटवर खापर फोडता येणार नाही. तरीही पायथनचा `round` इथे २.६२ देतो आणि `Decimal`ही, काही न सांगता दोन घरांवर आणला तर, २.६२ च देतो. दोघांचाही ठरलेला नियम ‘बरोबर अर्धा असेल तर सम अंकाकडे’ असा आहे. आपला व्यवहार मात्र अर्धा वर नेणारा. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० कर जवळच्या रुपयावर आणताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायला सांगतं. पैशाच्या घरावरही तीच चाल ठेवायची तर ती कोडमध्ये लिहून द्यावी लागते:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

def kar(rakkam, dar):
    k = Decimal(rakkam) * Decimal(dar) / 100
    return k.quantize(Decimal("0.01"), ROUND_HALF_UP)

kar("107", "2.5")   # 2.68
kar("105", "2.5")   # 2.63
```

राउंडिंगचा नियमच चुकला तर दशांशही वाचवत नाही, याचं जुनं उदाहरण व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचं. १९८२ मध्ये त्यांचा निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो तीन दशांश घरांपर्यंत ठेवायचा होता, पण चौथं घर राउंड न करता नुसतं छाटत होते. नोव्हेंबर १९८३ पर्यंत पाटीवर ५२४.८११ उरला होता, आणि दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला.

म्हणून कुठे राउंड करायचं हेही ठरवून टाकावं लागतं. १७ रुपयांचं ताक तीन वेगळ्या ओळींवर असेल तर प्रत्येकी ०.४२५ चे ०.४३ होऊन बेरीज १.२९ येते. ५१ रुपयांवर एकदाच लावला तर १.२७५ चे १.२८. डेसिमल दोन्ही उत्तरं तितक्याच निष्ठेने देईल. आणि १०७ च्या बिलावर डेसिमल वापरूनही दोन करांची बेरीज ५.३६ येते, जरी १०७ चे पाच टक्के ५.३५ असले तरी. दोन्ही हिस्से सारखे हवेत आणि प्रत्येक हिस्सा पूर्ण पैशात हवा, तर एकूण कर विषम पैशांचा असूच शकत नाही. इथे ५.३५ दाखवायच्या हट्टापायी एक हिस्सा २.६७ करणारा कोड मी पाहिला आहे. तो चूक आहे. एकूण कर हा दोन हिश्शांची बेरीज म्हणूनच काढायचा, वेगळा नाही.

राहिली जुनी बिलं. कॉलम `DOUBLE` चा `DECIMAL(12,2)` केला की आतले आकडे बदलताना पुन्हा एकदा राउंड होतात. तेव्हा आधी जुन्या कॉलमची प्रत ठेवून दोन्हींची बिलागणिक तुलना करावी आणि छापल्या गेलेल्या रकमेशी ताडून पाहावं. कर पुन्हा मोजू नये. ज्या बिलावर २.६७ छापून गिऱ्हाइकाला दिलं आणि रिटर्नमध्ये भरलं, त्याची नोंद २.६७ च राहते. नवा नियम बदलाच्या तारखेनंतरच्या बिलांना लागतो, आणि जुन्या बिलावर माल परत आला तर क्रेडिट नोट त्या बिलावर छापलेल्या आकड्यांवरून काढायची.