इंजिन ब्रेकिंग

ऍक्सिलरेटर सोडलेला आणि गाडी गिअरमध्येच असली की चाके इंजिनाला फिरवू लागतात. फिरणाऱ्या इंजिनाचा विरोध मग चाकांना मागे ओढतो. या परिणामाला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. लांब उतारावर खालचा गिअर घेतल्यास हा विरोध वाढतो आणि मूळ ब्रेक फारसे तापत नाहीत.

इंजिन गाडीला अडवते ते ‘कॉम्प्रेशनमुळे’, असे बहुतेक चालक सांगतात. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पिस्टन वर जाताना ती जेवढी ऊर्जा घेते, त्यातली बरीचशी पिस्टन खाली येताना परत करते. खरा विरोध दोन ठिकाणांहून येतो. ऍक्सिलरेटर सोडला की हवा आत घेणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते, त्यामुळे पिस्टनला अर्धवट निर्वातातून हवा ओढावी लागते. आत येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या साधारण एक तृतीयांशावर येतो, पण तीच हवा बाहेर ढकलताना मात्र पूर्ण वातावरणीय दाबाविरुद्ध ढकलावी लागते. या फरकाची किंमत प्रत्येक चक्रात मोजावी लागते; हा पंपिंगचा विरोध. दुसरे कारण म्हणजे घर्षण: पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, झडपांची यंत्रणा, तेलाचा आणि पाण्याचा पंप. सगळा हिशेब केला तर घर्षणाचा वाटा बहुधा पंपिंगपेक्षा मोठाच निघतो.

आता खालचा गिअर काय करतो ते पाहू. चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन समजा चार फेरे घेते, तर दुसऱ्यात आठ. म्हणजे रस्त्याचे तेच अंतर कापताना इंजिनाला दुप्पट वेळा हवा ओढावी लागते आणि दुप्पट वेळा घासावे लागते. हीच गोष्ट तरफेच्या भाषेतही सांगता येते: इंजिनाचा विरोधी पीळ गिअरमधून चाकापर्यंत पोचताना दुप्पट होतो. ही दोन वेगळी कारणे नाहीत, एकच कारण दोन बाजूंनी पाहिलेले आहे. त्याशिवाय फेरे वाढले की इंजिनाचा स्वतःचा विरोधही थोडा वाढतो, तेवढी भर मात्र खरोखर वेगळी.

एक उदाहरण घेऊ. 1400 किलोची गाडी, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, 8 टक्के उतार, म्हणजे दर 100 मीटरला 8 मीटर खाली. उताराची लांबी 6 किलोमीटर आणि वेग ताशी 40 किलोमीटर. हा उतार संपायला 9 मिनिटे लागतात. या वेगाने खाली येताना गुरुत्वाकर्षण गाडीला सतत सुमारे 12 किलोवॅट देत असते. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यातले अडीचएक खातो. वेग वाढू द्यायचा नसेल तर उरलेले जवळपास 10 किलोवॅट कुठेतरी जिरवावे लागतात.

न्यूट्रलमध्ये ते सगळे ब्रेकवर येतात. नऊ मिनिटांत ही उष्णता सुमारे 54 लाख ज्यूल होते. चारही डिस्कचे मिळून 28 किलो लोखंड धरले आणि वाऱ्याने काहीच थंडावा दिला नाही असे मानले, तर त्यांचे तापमान 400 अंश सेल्सिअसने चढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, पण प्रश्न किती मोठा आहे हे या आकड्यावरून कळते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण 1450 फेऱ्यांवर असते आणि तीनएक किलोवॅट घेते. ब्रेकवर सात उरतात. दुसऱ्यात ते 2800 फेऱ्यांवर जाते, सुमारे सात किलोवॅट घेते आणि ब्रेकला फक्त अडीच-तीनच सांभाळावे लागतात. पहिल्या गिअरमध्ये फेरे पाच हजारांवर जातात आणि ब्रेक न लावताही वेग घटू लागतो, पण इतका आवाज आणि ताण या उतारावर गरजेचा नाही. इथे दुसरा गिअर योग्य.

इंजिनाने घेतलेली ही उष्णता रेडिएटर, तेल आणि एक्झॉस्टमधून सुखरूप बाहेर पडते, कारण ही सारी व्यवस्था याहून कितीतरी जास्त उष्णतेसाठी बांधलेली असते. खालच्या गिअरमध्ये इंधन जास्त जळते, ही समजूत आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही. पाय ऍक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला आणि फेरे आयडलिंगपेक्षा पुरेसे वर असले की इंजेक्टर बंदच होतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागते.

ब्रेक तापल्यावर बिघाड दोन प्रकारे होतो आणि पायाला तो ओळखता येतो. पेडल नेहमीसारखे घट्ट आहे, पण जोर लावूनही गाडी धरत नाही आणि जळका वास येतो आहे, तर पॅडची पकड उष्णतेने गेली आहे. पेडल स्पंजसारखे मऊ लागून खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. म्हणूनच जुने ऑइल रोजच्या सपाट रस्त्यावर ठीक वाटते आणि लांब उतारावर दगा देते.

गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घ्यावा, नंतर नव्हे. वेग वाढल्यावर एकदम खालचा गिअर टाकला तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि झडपा पिस्टनवर आदळू शकतात. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इथे कामाचा नाही, कारण तो फक्त इंधन तोडू शकतो. जड ट्रकमध्ये धोका आणखी वेगळा: गिअर निघतो, पण पुढचा बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच सुटते. योग्य गिअरमध्येही ब्रेक लागतोच. तो सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा ठरवलेल्या वेगाला पोचताच ठाम दाबून वेग ताशी आठएक किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. निसरड्या रस्त्यावर मात्र सावध राहावे लागते: इंजिनाचा विरोध फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर येतो, त्यामुळे क्लच झटक्याने सोडल्यास तीच चाके घसरू शकतात. शिवाय ब्रेक न दाबता वेग कमी झाला तर बऱ्याच गाड्यांचे मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागे वाहन असेल तर पेडलला हलका स्पर्श करावा.

डिझेल इंजिनात सामान्यतः थ्रॉटलने हवा अडवली जात नाही, त्यामुळे पंपिंगचा विरोध फारसा मिळत नाही. त्यातच 25 टनांच्या ट्रकला वरच्याच उतारावर त्याच वेगाने गुरुत्वाकर्षण सुमारे 218 किलोवॅट देते. नुसते इंजिन त्यापुढे तोकडे पडते. म्हणून जड वाहनांत एक्झॉस्ट ब्रेक असतो, जो धूर जाण्याची वाट झडपेने रोखून सिलिंडरबाहेर दाब वाढवतो. त्याहून प्रभावी उपाय अमेरिकी अभियंता क्लेसी कमिन्स यांचा. 1931 मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहॉन खिंडीतून ट्रक खाली आणताना ब्रेक निकामी झाल्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. त्यांच्या यंत्रणेत हवा पूर्ण दाबली गेल्यावर एक्झॉस्टची झडप क्षणभर उघडते आणि दाब सोडून देते. स्प्रिंग दाबायची आणि परत फेकू न देता तिथेच सोडून द्यायची, असा हा प्रकार. ‘कॉम्प्रेशनमुळे’ हे स्पष्टीकरण इथे खरोखर लागू पडते. असा ट्रक उतरताना जो फटफट आवाज येतो, तो या सुटणाऱ्या हवेचा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हेच काम मोटर करते आणि ऊर्जा बॅटरीत परत टाकते. बॅटरी आधीच भरलेली असेल तर मात्र ती घेणार कुठे, हा प्रश्न उरतो. काही हायब्रिड गाड्यांत त्यासाठी गिअरच्या दांड्यावर ‘B’ अशी जागा असते; ती निवडली की इंधनाशिवाय इंजिन फिरवून जास्तीची ऊर्जा जिरवली जाते.