‘कसं काय?’ आणि ‘आता कसं आहे?’

जिन्यात शेजारचे काका भेटतात, ‘काय, कसं काय?’ म्हणतात आणि आपण ‘मजेत’ म्हणेपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेले असतात. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन येतो. ‘कशी आहेस गं?’ एवढंच विचारते आणि पुढे काही न बोलता ऐकत राहते. प्रश्न जवळपास एकच, पण काकांनी केला तो रामराम आणि मावशीने केली ती विचारपूस. या दोन्हींची गल्लत झाली की कुणीतरी अवघडतं, नाहीतर कुणीतरी दुखावतं.

काकांना उत्तर नको होतं म्हणून ते खोटे ठरत नाहीत. ‘तू मला दिसलीस, आपलं सगळं पूर्वीसारखंच आहे’ एवढं त्यांना कळवायचं होतं, आणि ते त्यांनी मनापासून कळवलं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी 1923 मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. माहिती देण्याघेण्यासाठी नव्हे, तर नातं राखण्यासाठी केलेलं बोलणं, असा त्याचा अर्थ. आपल्याला हे नवीन नाही. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला आपण ‘इथेच, जरा जाऊन येते’ म्हणतो आणि विचारणाऱ्याचं तेवढ्याने समाधान होतं, कारण पत्ता त्याला नकोच होता. ‘झालं का जेवण?’ हाही बऱ्याचदा जेवणाचा प्रश्न नसतो. जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम’ हे वाक्य घरात कुणी आजारी असलं तरी आधी यायचं आणि आजाराची बातमी खाली, मजकुरात.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती ‘आता’ या छोट्या शब्दाची. ‘कसं आहे?’ कुणीही कुणालाही विचारतो. ‘आता कसं आहे?’ मात्र ज्याला आधीचं काही ठाऊक आहे तोच विचारतो. ‘तब्येत’, ‘आईचं’, ‘त्या कामाचं’ असा नेमका शब्द जोडला गेला तरी तेच होतं. दुसरी खूण प्रश्नाच्या जागेची. भेटीच्या तोंडावर आलेला प्रश्न बहुधा रामराम असतो. थोडं बोलणं झाल्यावर ‘बरं, आणि तू कशी आहेस?’ असा पुन्हा आला, तर ती विचारपूस. आणि पाय बघावेत. चालता चालता विचारलेल्याला चालता चालताच उत्तर द्यावं.

पण रामरामाला खरं उत्तर दिलं तर बिघडतं काय? याचा फार बारकाईने विचार केला तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हार्वे सॅक्स यांनी. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्राकडे येणाऱ्या फोनसंभाषणांवर त्यांनी काम केलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ‘ठीक’ म्हटलं की प्रश्न तिथेच मिटतो. ‘वाईट’ म्हटलं की समोरच्याला ‘का, काय झालं?’ विचारणं भाग पडतं आणि मग ते ऐकून घेणंही. पण प्रत्येक दुःख प्रत्येकाला सांगण्यासारखं नसतं. काही नवऱ्याला सांगायचं, काही मैत्रिणीला, काही फक्त डॉक्टरांना. विचारतात मात्र सगळेच. म्हणून बरं नसलेल्या माणसालाही बहुतेकांना ‘ठीक’ म्हणावंच लागतं. हा त्या माणसाचा खोटेपणा नव्हे. आपल्या बोलण्याची घडणच अशी आहे.

मला हे कळलं ते बाबांच्या बायपासच्या वेळी. ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते, रात्र दवाखान्यात बाकावर काढून मी थेट ऑफिसला गेले. लिफ्टमध्ये शेजारच्या विभागातला सहकारी भेटला. ‘काय मॅडम, कसं काय?’ मी म्हटलं, ‘काही खरं नाही हो. बाबांची बायपास झाली, काल पुन्हा ताप चढला, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत.’ तेवढ्यात त्यांचा मजला आला. एका हाताने दार धरून ते ‘अरे बापरे’ म्हणत उभे राहिले. आत चारपाच माणसं खोळंबलेली. त्यांना निघताही येईना आणि मला थांबताही येईना. माणूस अतिशय चांगला, पण मी त्यांच्या रामरामावर असं ओझं ठेवलं होतं की ते उतरवायला तिथे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच भेटले, तोच प्रश्न. या वेळी म्हटलं, ‘चाललंय. बाबा अजून दवाखान्यात आहेत, जेवायला बसलो की सांगते.’ त्यांनी मान हलवली आणि आपल्या मजल्यावर उतरले. दुपारी डबा घेऊन समोर बसले आणि म्हणाले, ‘आता कसं आहे बाबांचं?’ मग वीस मिनिटं आम्ही बोललो.

आजही मी असंच उत्तर देते. आधी प्रश्नाच्याच मापाचा एक शब्द. सांगावंसं वाटत असेल तर खरी गोष्ट एका वाक्यात. आणि ती कधी बोलायची तेही लगेच, म्हणजे समोरचा अडकत नाही. सांगायचं नसेल तर नुसतं ‘चाललंय, तुमचं काय?’ पुरतं. प्रश्न परत करायला विसरू नये, कारण रामराम एकतर्फी राहिला की खटकतो.

‘चाललंय’ हा शब्द मला फार आवडतो. तो खोटा नाही आणि गाऱ्हाणंही नाही. गेल जेफरसन या संशोधिकेने इंग्रजीत नेमकी हीच जागा दाखवली आहे. ज्याच्या मनात काही सलत असतं तो ‘फाइन’ ऐवजी किंचित उतरतं ‘प्रिटी गुड’ म्हणतो. त्यामुळे बोलणं अडत नाही, पण फट उघडी राहते. आपलं ‘ठीक आहे’, ‘बरं म्हणायचं’ हेही तसंच. नेहमी ‘मजेत!’ म्हणणारी मैत्रीण एकदम ‘हं, ठीक’ म्हणाली, तर तिथल्या तिथे खोदू नये, पण ऐकलं नाही असंही करू नये. संध्याकाळी फोन करावा.

उलटी चूक दवाखान्यात होते. डॉक्टर ‘काय काका, कसं काय?’ म्हणतात, काका सवयीने ‘बरंय’ म्हणतात आणि दहा मिनिटांनी, उठता उठता, छातीत दुखतं म्हणून सांगतात. संशोधक जेफ्री रॉबिन्सन यांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणांत हा फरक तपासला आहे. ‘कसे आहात?’ हे रुग्णाला अभिवादन वाटू शकतं. ‘आता कसं वाटतंय?’ हे मात्र आधीच्या दुखण्याबद्दल आहे हे त्याला कळतं. बाबांना तपासायला नेते तेव्हा मी त्यांना आधीच सांगून ठेवते, की पहिल्या प्रश्नाला हवं ते म्हणा, पण खुर्चीत बसलात की कागदावर लिहिलेलं वाचून दाखवा.

मावशीला हे सगळं कुणी शिकवलं नाही. त्या आठवड्यात ती रोज फोन करायची. आधी बाबांचा ताप, मग टाक्यांचं, मग आईचं जेवण, सगळं विचारून झालं, की मी ‘ठेवते’ म्हणायच्या जरासं आधी तिचा प्रश्न यायचा, ‘आणि तू गं? झोपलीस का काल?’