चहा निवण्याचे समीकरण

गरम चहाचे तापमान कालांतराने खोलीच्या तापमानाकडे कसे येते हे सांगणारे पहिल्या कोटीचे अवकल समीकरण. बारावीच्या गणितात ते शाब्दिक उदाहरणाच्या रूपात येते. त्याचा आधार न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम आहे: वस्तू निवण्याचा वेग तिच्या व भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो.

या नियमाचे श्रेय न्यूटनला कितपत द्यावे याबद्दल दुमत आहे. 1701 मध्ये त्याचा लॅटिन लेख निनावी छापला गेला. त्यात कमी उष्णता मोजायला त्याने जवसाच्या तेलाचा तापमापक वापरला. त्यापलीकडच्या उष्णतेसाठी त्याने तापवून लाल केलेला लोखंडाचा ठोकळा वाऱ्यात ठेवला आणि तो निवायला लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधला. ठोकळा आपल्या उष्णतेच्या प्रमाणात उष्णता गमावतो, हे त्याने गृहीत धरले होते. त्यामुळे नियम त्याने सिद्ध केला असे म्हणण्यापेक्षा गृहीत धरला असे म्हणणे अधिक योग्य वाटते. आजचे समीकरण त्याच्या लेखात नाही. फरक मोठा असताना हे प्रमाण टिकत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ड्यूलाँ व पेती यांनी 1817 च्या सुमारास दाखवले.

आता उदाहरण पाहू. साताऱ्यातील एका घरात चहा कपात ओतला तेव्हा 85° से. होता, खोलीचे तापमान 25° से. आहे. 5 मिनिटांनी चहा 70° से. झाला, तर ओतल्यापासून किती वेळाने तो 55° से. होईल?

मांडणीत मुख्य गोष्ट एकच: निवण्याचा वेग चहाच्या तापमानावर नव्हे, तर चहा व खोली यांच्या तापमानांतील फरकावर ठरतो. म्हणून

dT/dt = −k(T − 25)

चल वेगळे करून संकलन केले की T − 25 = Ce^(−kt) मिळते. t = 0 असताना फरक 60 अंश होता, म्हणून C = 60. पाचव्या मिनिटाला तो 45 उरला, म्हणजे e^(−5k) = 3/4 आणि k मिनिटाला सुमारे 0.0575. 55° से. वर फरक 30, म्हणजे सुरुवातीच्या निम्मा; म्हणून t = ln 2 / k, सुमारे 12 मिनिटे.

पाच मिनिटांत 15 अंश गेले, तर 30 अंशांना 10 मिनिटे लागतील, असे त्रैराशिक अनेक जण मांडतात. समीकरणाने दहाव्या मिनिटाचे तापमान काढले तर ते 58.75° से. येते आणि चूक लगेच दिसते. दुसरी चूक 25 वजा न करता 70/85 हे गुणोत्तर घेण्याची. तसे केल्यास चहा खोलीपेक्षाही थंड होत शून्याकडे जातो. हा धोक्याचा इशारा ओळखावा.

प्रत्यक्ष चहाला हा नियम ढोबळ मानानेच लागतो. अगदी गरम चहा बाष्पीभवनाने जास्त उष्णता गमावतो. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांवरून काढलेला k मोठा येतो आणि तापमापक लावून पाहिले, तर पुढचा चहा हिशेबापेक्षा गरम राहिलेला आढळतो. बशीत ओतल्यास पृष्ठभाग वाढतो, थर पातळ होतो आणि k नव्याने काढावा लागतो. वर साय धरली, तर बाष्पीभवन अडते आणि k घटतो.