प्रश्नपेढीची फेरजुळणी

प्रश्नपेढीची फेरजुळणी : अभ्यासक्रम बदलला की प्रश्नपेढीतला प्रत्येक जुना प्रश्न नव्या घटकांशी ताडून पाहायचा, आणि तो आहे तसा ठेवायचा, बदलून घ्यायचा की बाद करायचा हे ठरवायचे, या कामाला फेरजुळणी म्हणता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम कंटाळवाणे असते, पण सोपे असते. वर्ग चालू असताना, टेस्ट सिरीजचे वेळापत्रक छापून वाटून झाल्यावर ते अंगावर आले की त्याचे स्वरूपच बदलते. नागपुरातल्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वर्गांवर अशी वेळ 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आली. या नोंदीत त्या बदलातला रसायनशास्त्राचा भाग घेतला आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदवी शिक्षण मंडळाने नीट 2024 चा सुधारित अभ्यासक्रम 6 ऑक्टोबर 2023 च्या सूचनेने जाहीर केला. परीक्षा 5 मे 2024 रोजी होती, म्हणजे हाताशी सात महिने होते. रसायनशास्त्रातून द्रव्याच्या अवस्था, सॉलिड स्टेट, हायड्रोजन, एस-ब्लॉक, सरफेस केमिस्ट्री, मेटलर्जी, पर्यावरणीय रसायनशास्त्र, पॉलिमर आणि दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र हे घटक गेले. नव्या यादीत वीस घटक राहिले. त्यातला विसावा, प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वे, बहुतेकांच्या प्रश्नपेढीत स्वतंत्र घटक म्हणून नव्हताच. बारावीची मुले अकरावीचा भाग आदल्या वर्षीच संपवून बसली होती. सॉलिड स्टेट तर बारावीचा पहिला धडा म्हणून जूनमध्येच शिकवून झाला होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो धड्याच्या नावाने गाळण लावण्याचा. प्रत्येक प्रश्नावर धड्याचा टॅग असतोच. वगळलेल्या धड्यांचे टॅग निवडले, सगळे प्रश्न एकदम बाद केले की तासाभरात काम झाले असे वाटते. हे दोन्ही बाजूंनी चुकते. टॅग एवढेच सांगतो की प्रश्न कोणत्या धड्याच्या निमित्ताने तयार झाला. तो सोडवायला काय लागते, हे टॅगवरून कळत नाही. फेरजुळणीचा निर्णय प्रश्नाच्या उत्तराची पायरी न् पायरी वाचूनच घ्यावा लागतो, आणि वेळ जातो तो तिथेच.

'द्रव्याच्या अवस्था' या टॅगखालचे दोन प्रश्न घेऊ. पहिला: 300 K तापमानाला हायड्रोजनच्या रेणूंची जी आरएमएस चाल असते, तेवढीच चाल ऑक्सिजनच्या रेणूंना कोणत्या तापमानाला येईल? रेणुभार सोळापट, म्हणून तापमानही सोळापट, उत्तर 4800 K. टॅग पाहिला तर प्रश्न बाद. पण वायूंचा गतिज सिद्धांत आणि आरएमएस चाल हे भौतिकशास्त्राच्या यादीत आहेत. म्हणजे प्रश्न बाद होत नाही, भौतिकशास्त्राच्या पेढीत जातो. मात्र तिकडे तशाच अर्थाचा प्रश्न आधीच असण्याचा संभव मोठा, म्हणून हलवण्यापूर्वी त्या विषयाच्या सरांना विचारलेले बरे. नाहीतर एकाच पेपरात तो दोनदा येतो आणि मुले हसतात.

दुसरा प्रश्न जास्त शिकवणारा आहे. 6.5 ग्रॅम जस्तावर विरल आम्लाची क्रिया करून सुटणारा हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. पाण्याच्या बाष्पाचा दाब दिला आहे, वायूचे आकारमान काढा. यातले अर्धे गणित मोल संकल्पनेचे, म्हणजे घटक 1 चे आहे आणि अर्धे आंशिक दाबाच्या नियमाचे. ज्या मुलाने वायूंचा धडा केला नाही तो बाष्पाचा दाब वजा करायचा असतो हे कुठून जाणणार? हा प्रश्न बदलून घेण्याजोगा आहे: पाण्यावर गोळा केल्याची भानगड काढायची, वायू कोरडा आहे असे सांगायचे आणि 273 K व 1 अॅटमॉस्फिअरला आकारमान विचारायचे. जस्ताचा अणुभार 65 धरला तर 0.1 मोल, म्हणून 2.24 लिटर. इथे एक खोच आहे. नुसते 'एसटीपी' लिहून भागत नाही, कारण दाब 1 बार धरणाऱ्याचे उत्तर 2.27 लिटर येते. जुन्या प्रश्नात तापमान आणि दाब दिलेले होते, म्हणून हा वाद कधी उठला नव्हता. दुरुस्तीने एक अडचण काढताना दुसरी आत येते ती अशी.

उलट दिशेची चूक लवकर दिसत नाही. टॅग शिल्लक घटकाचा, पण उत्तराची एक पायरी वगळलेल्या धड्यातली, असे प्रश्न गाळणीतून सुखरूप सुटतात. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीखालचा अॅल्युमिनियमचा प्रश्न पाहा. हॉल-हेरो पद्धतीत 9650 कूलोम विद्युतप्रभार गेल्यावर किती अॅल्युमिनियम साचेल? 0.1 मोल इलेक्ट्रॉन, म्हणून 0.9 ग्रॅम. पद्धतीचे नाव माहीत नसले तरी अडत नाही, पण नाव वाचूनच मुलगा बिचकतो. 'वितळलेल्या Al₂O₃ च्या विद्युत अपघटनात' एवढा बदल केला की झाले. त्याच टॅगखाली 'क्रायोलाइट कशासाठी घालतात?' हा प्रश्न असेल, तर तो शुद्ध मेटलर्जीचा आहे आणि जातो. Kp आणि Kc यांच्या संबंधावरचे प्रश्न मात्र निर्धास्त ठेवावेत. त्यांना वायूचे समीकरण लागते, पण ते भौतिकशास्त्रात शिकवलेले असते आणि समतोलाच्या घटकात वापरलेलेही असते.

वगळलेला धडा कधी मागच्या दाराने परत येतो. सरफेस केमिस्ट्री गेली, पण विसाव्या घटकात द्रवस्नेही आणि द्रवद्वेषी सोल तयार करण्याचा प्रयोग आहे. म्हणून उकळत्या पाण्यात फेरिक क्लोराइड घालून सोल कसा बनतो, हा प्रश्न राहतो. हार्डी-शुल्झे नियमाचा जातो, कारण प्रयोग सोल बनवण्याचा आहे, तो गोठवण्याचा नाही. तसेच उत्प्रेरकांच्या जोड्या लावा हा प्रश्न. संपर्क पद्धतीला V₂O₅, हाबर पद्धतीला लोह, तेलाच्या हायड्रोजनीकरणाला निकेल, हे सरफेस केमिस्ट्रीच्या टॅगखाली पडून असले तरी संक्रमण मूलद्रव्यांच्या उत्प्रेरक गुणधर्मात नीट बसतात. चौथी जोडी झिओलाइटची असेल तर ती बदलावी लागते, आणि बदलताना चारही पर्याय नव्याने बांधावे लागतात. एक ओळ तेवढी बदलून पर्याय जुनेच ठेवले, तर मुले वगळत वगळत उत्तरापर्यंत पोचतात, रसायनशास्त्र न येताही.

सर्वांत अवघड जागा पी-ब्लॉकची. नीटच्या यादीत गट 13 ते 18 राहिले, पण फक्त सामान्य ओळख, आवर्तात आणि गटात गुणधर्म कसे बदलतात आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचे वेगळेपण एवढ्यापुरते. गंमत अशी की एनसीईआरटीच्या सुटसुटीत केलेल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून पी-ब्लॉकचे धडेच काढून टाकले आहेत. ज्यांनी नवे पुस्तक समोर ठेवून फेरजुळणी केली त्यांनी पी-ब्लॉक पूर्ण बाद केला, आणि ज्यांनी जुने पुस्तक धरले त्यांनी बोरॅक्स मण्याची चाचणीसुद्धा ठेवली. दोघेही चुकले. ताडून पाहायचे ते अभ्यासक्रमाच्या मजकुराशी, पुस्तकाशी नव्हे. त्या मजकुराने बोरॅक्स जातो, ओझोन बनवण्याची कृती जाते, HF चा उत्कलनांक इतर हायड्रोजन हॅलाइडांपेक्षा जास्त का हा प्रश्न राहतो. पण BF₃ हे BCl₃ पेक्षा दुर्बळ लुईस आम्ल का? एक शिक्षक म्हणेल हा गुणधर्मांचा कल, दुसरा म्हणेल हा बोरॉनच्या संयुगांचा तपशील. अशा प्रश्नांसाठी दोघांनी एकमेकांचे न पाहता निर्णय लिहावा. जुळला नाही तर प्रश्न सरावाच्या कागदावर ठेवावा, रँक लागणाऱ्या टेस्टमध्ये घालू नये. चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय, असे स्टाफरूममध्ये घडते. ते टाळायला लेखी मत बरे.

नागपुरात 'बाद' या शब्दाला आणखी एक मर्यादा आहे. नीटला बसणारी बरीच मुले नागपूर विभागीय मंडळाची बारावीही देत असतात, आणि बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात सॉलिड स्टेट हा पहिलाच धडा आहे, पॉलिमर पंधरावा. शिवाय एमएचटी-सीईटीत सुमारे वीस टक्के भार अकरावीचा. एफसीसी जालकाची घनता काढण्याचा प्रश्न नीटसाठी मेला, पण फेब्रुवारीतल्या बोर्डासाठी आणि सीईटीसाठी जिवंत आहे. म्हणून प्रश्न पुसायचा नसतो. प्रत्येक परीक्षेचा वेगळा रकाना करून त्यात ठेवला, बदलला की बाद, हे तारखेसह लिहायचे. ज्यांनी पेढीतून प्रश्न खरेच पुसले, त्यांना जानेवारीत बोर्डाची सराव परीक्षा काढताना तेच प्रश्न पुन्हा टाइप करावे लागतात.

बदललेला प्रश्न हा नवा प्रश्न समजावा. त्याला नवा क्रमांक द्यावा, जुना क्रमांक शेजारच्या रकान्यात नोंदवावा. जुन्या प्रश्नाची काठिण्य पातळी, म्हणजे मागच्या तुकड्यांतल्या किती मुलांनी तो बरोबर सोडवला याची नोंद, नव्याला चिकटवू नये. जस्ताच्या प्रश्नातून बाष्पाचा दाब काढल्यावर तो कितीतरी सोपा होतो. जुनी पातळी धरून त्याला 'कठीण'च्या कोट्यात बसवले, तर पेपर कागदावर जड आणि प्रत्यक्षात हलका निघतो.

फेरजुळणी नीट झाली का, हे पहिल्या दोन टेस्टमध्ये कळते, आणि त्यासाठी रिपीटर मुले कामी येतात. त्यांनी आदल्या वर्षी पूर्ण जुना अभ्यासक्रम केलेला असतो. एकूण गुण साधारण सारखे असलेले रिपीटर आणि फ्रेश विद्यार्थी घ्यावेत आणि प्रश्नागणिक तुलना करावी. एखादाच प्रश्न रिपीटरांना सहज सुटतो आणि फ्रेश मुले तिथे सपाट पडतात, असे दिसले तर त्याच्या पोटात वगळलेला धडा लपलेला असण्याची शक्यता मोठी. तुकडी तीस-चाळीसची असेल तर एवढ्यावर निकाल देऊ नये. तो प्रश्न फक्त पुन्हा वाचायला बाजूला काढावा. बहुतेक वेळा उत्तरसूचीतली एखादी ओळ सापडते जी कोणी वाचलीच नव्हती.

याउलट विसाव्या घटकात फेरजुळणीने फारसे काही जमत नाही. मोहर लवण आणि परमँगनेटचे अनुमापन रेडॉक्समधून उचलता येते, कॉपर सल्फेटची द्रावण ऊर्जा ऊष्मागतिकीतून. पण Pb²⁺ पासून NH₄⁺ पर्यंतच्या आयनांचे विश्लेषण, अॅसिटॅनिलाइड आणि आयोडोफॉर्म बनवण्याच्या कृती यांवरचे प्रश्न जुन्या पेढीत तुरळकच असतात. ते प्रयोगशाळेत मुलांकडून प्रात्यक्षिके करून घेणाऱ्या शिक्षकाने नव्यानेच लिहावे लागतात.