रात्रीच्या काचपट्टीमागची गोष्ट

वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या भागांतल्या गावांत हत्तीरोगाचे पथक दिवेलागणीनंतर येते. आठ-साडेआठला काम सुरू होते आणि बारापर्यंत चालते. जेवून अंथरुणावर पडलेल्या माणसाला उठवायचे, बोटाला टोचायचे, दोन-तीन थेंब रक्त काचपट्टीवर घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. ‘दवाखाना सकाळी उघडा असतोच, मग झोपमोड कशाला?’ हा प्रश्न दर फेरीत कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे उत्तर सापडले ते चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अमॉय बंदरात, म्हणजे आजच्या शियामेनमध्ये, आणि तेही जवळजवळ योगायोगाने.

हत्तीरोगाच्या जंताच्या अळ्या रक्तात असतात, हे त्याआधीच समजले होते. 1872 मध्ये टिमथी लुईस या डॉक्टराला कलकत्त्यात माणसाच्या रक्तात त्या दिसल्या. दुधासारखी पांढरी लघवी होणाऱ्या रुग्णांवर तो काम करत होता आणि त्या लघवीत त्याने त्या 1870 मध्येच पाहिल्या होत्या. ही झाली पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया. त्यांची लांबी मिलिमीटरचा पाव भाग, फार तर थोडी जास्त. त्यांना जन्म देणारा पूर्ण वाढलेला जंत लसीकावाहिन्यांत राहतो. तो 1876 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जोसेफ बॅनक्रॉफ्टला मिळाला आणि ‘वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टाय’ या नावात त्याचे नाव उरले.

अमॉयला पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होता. 1877 मध्ये त्याने आपल्या बाधित माळ्याला डास चावू दिले आणि त्या डासांच्या अंगात अळ्या वाढताना पाहिल्या. पुढे रक्त तपासायला त्याने दोन चिनी मदतनीस शिकवून तयार केले. एक दिवसा काम करी, दुसरा संध्याकाळनंतर. दोघांचे आकडे जुळेनात. संध्याकाळच्या माणसाला कितीतरी जास्त बाधित रुग्ण सापडत होते. दिवसाचा माणूस कामचुकार आहे, असे म्हणून विषय मिटवता आला असता. मॅन्सनने तसे केले नाही. त्याने बाधित माणसांचे रक्त दिवसरात्र ठरावीक तासांनी तपासून घेतले. संध्याकाळी अळ्या दिसू लागत, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत जास्त असत, पहाटेपासून घटत आणि दिवसभर जवळपास नाहीशा होत. हे लंडनला कळले तेव्हा या अळ्या घड्याळ बाळगतात काय, अशी थट्टा झाल्याचे सांगतात.

घड्याळ नेमके कुणाचे, हे 1881 मध्ये लंडनमध्येच कळले. स्टीफन मॅकेंझीने एका बाधित रुग्णाची दिनचर्या उलटी केली: त्याला दिवसा झोपवले आणि रात्री जागे ठेवले. काही दिवसांत अळ्याही उलटल्या आणि दिवसा रक्तात दिसू लागल्या. म्हणजे अळ्या सूर्याला नव्हे, माणसाच्या झोपेला बांधलेल्या होत्या. रात्रपाळीच्या कामगाराचे रक्त घेताना हा मुद्दा आजही उपयोगी पडतो. महिनोन्‌महिने दिवसा झोपणाऱ्या माणसाची रात्री दहाची काचपट्टी कोरी आली, तर तिच्यावर विसंबू नये.

दिवसा त्या जातात कुठे, हा प्रश्न उरलाच. रोज नव्या अळ्या जन्मतात आणि सकाळी मरतात, असाही एक तर्क पुढे मांडला गेला, पण तो टिकला नाही. उत्तर 1890 च्या दशकाच्या शेवटी मॅन्सनलाच मिळाले, तेही एका दुःखद प्रसंगातून. त्याच्या एका बाधित रुग्णाने सकाळी विष घेऊन आत्महत्या केली. शवविच्छेदनात अळ्या फुप्फुसांत आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत खच्चून भरलेल्या आढळल्या. त्या मेल्या नव्हत्या, फक्त आत जाऊन थांबल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या मध्यात फ्रँक हॉकिंगने (भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचे वडील) यामागची यंत्रणा शोधली. माणूस जागा असताना फुप्फुसात येणारे रक्त आणि तिथून निघणारे रक्त यांच्यातल्या प्राणवायूच्या दाबात मोठा फरक असतो. तो फरक अळीला जाणवतो आणि ती फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत स्वतःला अडकवून धरते. झोपेत हा फरक कमी होतो, तिची पकड सुटते आणि ती रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते. रात्री रुग्णाला शुद्ध प्राणवायू हुंगायला दिला, तर बोटाच्या रक्तातल्या अळ्या काही वेळातच घटतात.

अळीचा यात फायदा उघड आहे. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास, गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा, रात्री चावतो. जिथे डास वेगळा, तिथे वेळही वेगळी. निकोबार बेटांच्या नानकौरी भागात हाच जंत दिवसा चावणाऱ्या जंगली एडिस डासातून पसरतो. तिथे अळ्या चोवीस तास रक्तात सापडतात आणि दिवसा जास्त असतात. तिथे वर्ध्याची पद्धत नेली तर बाधितांची मोजणी चुकेल.

वर्ध्याच्या पद्धतीत 20 घन मिलिमीटर रक्त घेतात. ते पसरवून जाड थर करतात आणि काचपट्टी आडवी ठेवून रात्रभर सुकू देतात. ती उघडी राहिली तर मुंग्या आणि झुरळे रक्त खाऊन टाकतात. ज्याने हे काम केले आहे, त्याला ही तक्रार नवी नाही. सकाळी काचपट्टी साध्या पाण्यात धरून रक्ताचा लाल रंग काढतात, मग रंगद्रव्य देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण थर पाहतात. समजा, एका माणसाच्या रात्री अकराच्या थरात 8 अळ्या सापडल्या. 20 घन मिलिमीटरमध्ये 8, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 400. त्याच माणसाची दुपारी बाराची काचपट्टी पूर्ण कोरी निघू शकते, आणि बाधा असूनही त्याच्या कागदावर ‘नाही’ लिहिले जाते. अळ्या मुळातच कमी असतील, मिलिलिटरमध्ये पंधरा-वीस, तर रात्रीच्या थरातही एखादीही न येण्याची शक्यता मोठी. अशा वेळी शिरेतून जास्त रक्त काढून बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात.

रात्र टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाची छोटी मात्रा देऊन अर्ध्या ते एका तासाने रक्त घेणे, म्हणजे औषधाने अळ्या दिवसाच बाहेर येतात. पण जिथे लोआ लोआ किंवा नदीअंधत्वाचा जंत आहे, अशा आफ्रिकी भागांत यातून गंभीर त्रास होऊ शकतो. दुसरा, प्रतिजन तपासणी. ती मोठ्या जंताने रक्तात सोडलेला पदार्थ शोधते, त्यामुळे कोणत्याही वेळी चालते. पण डासाला देण्याजोग्या अळ्या त्या माणसाच्या रक्तात आत्ता आहेत का, हे तिच्यातून कळत नाही. ते रात्रीची काचपट्टीच सांगते.

आणि तिलाही मर्यादा आहेच. ज्याचा पाय वर्षानुवर्षे सुजून जाडजूड झाला आहे, त्याची काचपट्टी बहुतेकदा कोरी येते. त्याच्या अंगातले जंत कधीच मेलेले असतात किंवा अळ्या रक्तापर्यंत पोहोचत नाहीत. अळ्या सापडतात त्या शेजारच्या घरात झोपलेल्या, पायाला साधी सूजही नसलेल्या माणसाच्या रक्तात. पथक रात्री दार वाजवते ते याच माणसासाठी, आणि सर्वांत जास्त कुरकुर करतो तोही हाच.