पतनिर्मिती

पतनिर्मिती म्हणजे व्यापारी बँकेने कर्ज देताना कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव उभी करणे. त्या ठेवीच्या रूपाने, आधी कुठेच नसलेला पैसा चलनात येतो. बँक एका ग्राहकाची बचत उचलून दुसऱ्याला देते, हा समज फार जुना आणि फार पक्का आहे. पण बँकेच्या वहीत तसे काही घडत नाही. कर्ज मंजूर झाले म्हणून कोणत्याही ठेवीदाराची शिल्लक एका पैशानेही घटत नाही.

पैसा म्हटले की डोळ्यांपुढे नोटा येतात, तरी आपण रोज ज्याने व्यवहार करतो त्याचा मोठा भाग खात्यातल्या शिलकेचा असतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात या विषयावर लेख छापला. ब्रिटनमधील लोकांच्या हाती असलेल्या पैशापैकी ९७ टक्के पैसा बँक ठेवींच्या रूपात आहे, असे त्यात म्हटले होते. ही शिल्लक म्हणजे बँकेने खातेदाराला दिलेले वचन असते. मागाल तेव्हा रोख देऊ किंवा सांगाल त्याला पोचती करू, एवढाच त्याचा अर्थ. सगळे हे वचन पैसा म्हणून स्वीकारतात, म्हणूनच बँक वचन देऊन कर्ज देऊ शकते. इतर सावकाराला मात्र आधी हातातली रोकड मोजून द्यावी लागते.

वहीतली नोंद

हे प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड वर्नर यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील एका लहान सहकारी बँकेकडून २ लाख युरोंचे कर्ज घेतले आणि त्या बँकेचे हिशेब आतून पाहिले. कर्ज देण्यापूर्वी बँकेने तेवढा पैसा कुठून आणून ठेवलेला नव्हता. कर्ज दिल्यावर तिची रोकड किंवा इतर बँकांतील शिल्लकही कमी झाली नाही. ताळेबंदाच्या मत्तेच्या बाजूला 'कर्ज येणे' म्हणून २ लाख युरो वाढले आणि देण्यांच्या बाजूला 'ग्राहकाची ठेव' म्हणून २ लाख युरो वाढले. दोन्ही बाजू जुळल्या, ताळेबंद तेवढ्याने मोठा झाला.

कर्जदार हा पैसा पडून ठेवायला घेत नाही. समजा, त्याने ते २ लाख युरो एका विक्रेत्याला दिले आणि विक्रेत्याचे खाते दुसऱ्या बँकेत आहे. आता पहिल्या बँकेला मध्यवर्ती बँकेतील आपल्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात तेवढी रक्कम वळती करावी लागते. बँकांची आपसातली देणी या राखीव शिलकेतूनच फिटतात. म्हणजे ठेव निर्माण करायला राखीव पैसा लागला नाही, पण ती ठेव दुसरीकडे गेली तेव्हा लागला. पहिल्या बँकेकडे तो कमी पडला, तर ती दुसऱ्या बँकेकडून उसना घेईल, नव्या ठेवी ओढेल किंवा रोखे तारण ठेवून मध्यवर्ती बँकेकडे जाईल. एकूण ठेवींचा विचार केला, तर २ लाख युरो नाहीसे झालेले नाहीत, फक्त खातेदार बदलला आहे.

पाठ्यपुस्तकांत हीच गोष्ट उलट्या क्रमाने शिकवली जाई. मध्यवर्ती बँक १०० चा राखीव पैसा देते, ठेवींमागे राखीव ठेवायचा हिस्सा म्हणजे राखीव प्रमाण १० टक्के असेल तर बँका त्यावर टप्प्याटप्प्याने १,००० पर्यंत ठेवी उभ्या करतात, असे ते गणित. गणित चुकीचे नाही, कारणपरंपरा चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील ॲलन होम्स यांनी १९६९ मध्येच सांगितले होते की बँका आधी कर्ज देतात आणि राखीव निधी नंतर शोधतात. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये राखीव प्रमाण शून्यावर आणले. राखीव पैशाच्या ठराविक पटीत ठेवी वाढतात हे जुने गणित खरे असते, तर त्या दिवसापासून ठेवींना अंतच उरला नसता.

मग अडवते कोण?

बँक नोंद करून पैसा निर्माण करते, म्हणून ती हवा तेवढा करू शकते असे मुळीच नाही. पहिली अट कर्ज मागणाऱ्याची. परतफेडीची ऐपत आणि इच्छा असलेला माणूस दारात आला नाही, तर नोंद होणार कशाची? तो येतो की नाही हे बऱ्याच अंशी व्याजदरावर ठरते, आणि मध्यवर्ती बँकेचे खरे नियंत्रण तिथूनच चालते.

दुसरी अट भांडवलाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कर्ज बुडाले तरी ठेवीदाराचे देणे कायम राहते. तोटा भागधारकांच्या भांडवलातून भरून काढावा लागतो. म्हणून बँकांच्या भांडवलासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, म्हणजे बासेल करारांनी, कर्जाच्या जोखमीनुसार भांडवल ठेवण्याचा नियम घातला. २००४ च्या दुसऱ्या बासेल करारातील प्रमाणित पद्धत घेऊ. पतमानांकन नसलेल्या कंपनीला दिलेल्या १ लाख युरोंच्या कर्जाला १०० टक्के जोखीमभार होता, म्हणजे पूर्ण रक्कम जोखमीची धरून तिच्या ८ टक्क्यांच्या हिशेबाने ८,००० युरोंचे भांडवल. राहत्या घराच्या तारणावरील कर्जाला ३५ टक्के भार, म्हणजे तेवढ्याच १ लाखामागे २,८०० युरो पुरत. एकाच भांडवलावर घरासाठी जवळपास तिप्पट कर्ज देता येत असेल आणि तारणही हाती राहत असेल, तर बँकेचा कल कुठे झुकेल हे सांगायला नको. पुढे पैशाचा ओघ कुठे वळतो, याचे एक कारण या साध्या भागाकारात आहे.

पैसा जसा नोंदीने जन्मतो तसा नोंदीनेच संपतो. कर्जदार मुद्दल फेडतो तेव्हा त्याची ठेव घटते, बँकेचे येणे घटते आणि तेवढा पैसा चलनातून जातो. व्याजाचे तसे नसते. ते बँकेचे उत्पन्न होते आणि पगार, ठेवींवरील व्याज, लाभांश या रूपाने त्यातले बरेचसे पुन्हा लोकांच्या खात्यांत येते. 'व्याजासाठीचा पैसा निर्माणच होत नाही, म्हणून सगळी कर्जे कधीच फिटणार नाहीत' हा दावा वारंवार ऐकू येतो. हा परतीचा प्रवास त्यात विसरला जातो. ठेवींचा साठा वाढतो की आटतो, हे नवी कर्जे जास्त की परतफेड जास्त यावर ठरते.

नवा पैसा कुठे उतरतो

महागाईशी संबंध लावताना 'पैसा वाढला की भाव वाढतात' एवढ्यावर थांबता येत नाही. तो पैसा पहिल्यांदा कशावर खर्च झाला, हे पाहावे लागते. कारखानदाराने कर्जातून यंत्र घेतले, तर काही काळाने बाजारात मालही वाढतो आणि वाढलेल्या पैशासमोर काहीतरी उभे राहते. कर्ज उपभोगासाठी घेतले आणि कारखाने आधीच पूर्ण क्षमतेने चालत असतील, तर त्याच मालामागे जास्त पैसा लागतो आणि वस्तूंचे भाव चढतात.

तिसरी वाट आधीपासून असलेल्या मालमत्तेची आहे: जमीन, जुनी घरे, शेअर. इथे खरेदीने नवे काही तयार होत नाही, फक्त मालक बदलतो. शिवाय मालमत्ताच तारण असल्याने चक्र स्वतःला रेटत राहते. १०० किमतीच्या घरावर बँक ८० कर्ज देते. अशा कर्जांमुळे खरेदीदार वाढले आणि किंमत १२० झाली, तर त्याच घरावर आता ९६ मिळतात. घर तेच, मालकाचे उत्पन्न तेच, पण बँकेच्या नजरेत तो अधिक पतदार झाला. त्या वाढीव १६ मधून तो दुसऱ्या घराची बोली लावतो. प्रत्येक कर्ज सुटे पाहिले तर सुरक्षित दिसते. ज्या किमतीच्या आधारे ते सुरक्षित ठरते, ती मात्र अशाच कर्जांनी वर नेलेली असते.

हे होत असताना महागाईचा निर्देशांक शांत राहू शकतो, कारण ग्राहक किंमत निर्देशांकात जुन्या घराची किंवा जमिनीची विक्री किंमत सहसा धरत नाहीत. भाडे धरतात, आणि भाडे उत्पन्नाच्या चालीने चालते.

जपान, १९८५ नंतर

याचा ठळक दाखला जपानचा. डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच मोठ्या देशांनी केलेल्या सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. निर्यातीवरचा ताण कमी करण्यासाठी जपानच्या मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर फेब्रुवारी १९८७ पर्यंत २.५ टक्क्यांवर आणला आणि मे १९८९ पर्यंत तो तिथेच ठेवला. त्याच काळात मोठ्या कंपन्या थेट भांडवल बाजारातून पैसा उभा करू लागल्या होत्या. जुने ग्राहक गेलेल्या बँकांनी लहान उद्योग आणि जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांकडे मोहरा वळवला. तारण एकच, जमीन. किंमत वाढतच राहील हे गृहीत धरून जवळजवळ पूर्ण किमतीइतकी कर्जे दिली जाऊ लागली.

सहा मोठ्या शहरांतील जमिनीच्या किमती पाच वर्षांत सुमारे तिप्पट झाल्या. निक्केई हा शेअर निर्देशांक १९८५ अखेरच्या सुमारे १३,००० वरून डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर गेला. आणि ग्राहक महागाई? १९८६ ते १९८८ या तिन्ही वर्षी ती १ टक्क्याच्या खाली होती. महाग येनमुळे आयात स्वस्त पडत होती आणि नवा पैसा दुकानांत न जाता जमिनीत जिरत होता. फक्त महागाईकडे पाहून व्याजदर ठरवणाऱ्याला घाई करण्याचे कारण दिसले नाही.

ऑगस्ट १९९० पर्यंत दर ६ टक्क्यांवर नेण्यात आला. त्याच वर्षी अर्थ मंत्रालयाने जमीन व्यवहारांसाठीची कर्जे एकूण कर्जांपेक्षा जास्त वेगाने वाढू न देण्याचा आदेश काढला. किमती उतरल्या, तारण कर्जापेक्षा लहान झाले आणि बुडीत कर्जांनी बँकांचे भांडवल खाल्ले. कंपन्यांनी नवी कर्जे घेणे सोडून जुनी फेडायला सुरुवात केली. २००१ ते २००६ या काळात मध्यवर्ती बँकेने बँकांच्या खात्यांतील राखीव शिलकेचे लक्ष्य ५ लाख कोटी येनवरून ३० ते ३५ लाख कोटी येनपर्यंत वाढवले, तरी बँकांची कर्जे त्यातली बहुतेक वर्षे घटतच राहिली. राखीव पैसा मुबलक होता. कर्जदार आणि भांडवल नव्हते.

कसे ओळखावे

म्हणून धोका पाहताना ग्राहक महागाईपेक्षा कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले गुणोत्तर जास्त सांगते. २०१० च्या तिसऱ्या बासेल करारात हेच गुणोत्तर मोजपट्टी म्हणून घेतले आहे. ते आपल्या दीर्घकालीन कलापेक्षा २ टक्के बिंदूंनी वर गेले की बँकांकडून जादा भांडवल मागण्याचा विचार सुरू व्हावा आणि १० बिंदूंवर ते जोखीमभारित मत्तेच्या २.५ टक्क्यांपर्यंत जावे, असे मार्गदर्शन आहे. मात्र दीर्घकालीन कल काढताना तेजीची वर्षेही हिशेबात येतात. त्यामुळे लांबलेल्या तेजीत कलच वर सरकतो आणि अंतर आहे त्यापेक्षा कमी दिसते.

दुसरा उपाय तारणाच्या किमतीमागे कर्जाची मर्यादा घालण्याचा. हाँगकाँगमध्ये १९९० च्या दशकात ही मर्यादा साधारण ७० टक्के होती. तिने १९९७ पर्यंतची तेजी रोखली नाही. त्यानंतरच्या सहा वर्षांत घरांच्या किमती ६० टक्क्यांहून अधिक कोसळल्या, पण हप्ते थकलेल्या गृहकर्जांचे प्रमाण १.५ टक्क्यांच्या आतच राहिले आणि बँका उभ्या राहिल्या.